फलकावरचे पोट

जळगावच्या एका नोंदणीकृत व्यायामशाळेच्या दारावर १९९३ साली फलक लागला: ‘कोपरांवर अंग फळीसारखे ताठ धरा, हातात वजने घेऊन चाला; चाळीस दिवसांत पोटाची चरबी वितळेल. निकाल शंभर टक्के.’ खाली प्रमुख शिक्षक अभिमन यांची दोन छायाचित्रे, एक पोटासह, एक पोटाविना.

त्या शंभर टक्क्यांमागे विज्ञान नव्हते, खोडरबर होते. चाळिसाव्या दिवशी ज्याच्या कमरेचा घेर उतरत नसे, तो ‘हलगर्जी’ ठरून हजेरीपटातून पुसला जाई. उरलेले सारे अर्थातच यशस्वी.

असोद्याचा जीवराम असाच पुसला गेला. ट्रकमध्ये केळीचे घड चढवताना त्याची पाठ धरली होती. तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणल्याशिवाय मुकादम शालिग्राम त्याला टोळीत घेणार नव्हता. म्हणून तो व्यायामशाळेत आला; चाळीस दिवसांनी टेपने पोट जसेच्या तसे दाखवले आणि अभिमन यांनी प्रमाणपत्र नाकारले. जीवरामने व्यायामशाळेच्या व्यवस्थापन समितीकडे दाद मागितली.

समितीत व्यायाम शिकलेल्या एकट्या लताबाई, कन्याशाळेतल्या शिक्षिका; सभेचे इतिवृत्तही त्याच लिहीत. इतरांची पात्रता दीर्घकाळ खुर्चीत बसण्याची होती. पोट राहिले म्हणजे फळी धरलीच नाही, असे अभिमन यांनी सांगितले, तेव्हा त्या सदस्यांनी माना डोलावल्या. लताबाईंना संताप आला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे थंड करून वापरला.

‘बाई, पोट व्हतं तसंच हाये,’ जीवराम ओशाळून म्हणाला. ‘पन आता घड उचलताना पाठ धरत नही.’

लताबाईंनी सभेला समजावले की फळी धरताना पोटाचे, पाठीचे आणि कुशीचे स्नायू कणा खचू नये म्हणून झुंजतात, आणि त्यानेच धड बळकट होते. चरबी त्या स्नायूंवर बसलेली असते. ती खाल्ल्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च झाली तरच उतरते, तीही साऱ्या अंगातून. कुठून आधी, हे शरीर फलक वाचून ठरवत नाही.

मग त्यांनी रेतीने भरलेला तेलाचा डबा अंगणात ठेवला. एका हाताने उचलायचा आणि भिंतीपर्यंत चालायचे. वजन धडाला एका कुशीवर वाकवू पाहते, धडाने वाकायचे नाही, एवढीच परीक्षा. जीवराम पोट पुढे घेऊन निघाला. दोन्ही खांदे समान, चाल सरळ; जाऊन परतही आला. सपाट पोटाचे अभिमन चौथ्या पावलाला डब्याकडे कलंडले.

‘भाऊ, दुसऱ्या फोटोआधी तुमचं पोट कशानं गेलं?’ लताबाईंनी विचारले.

अध्यक्षांना चहाची आठवण झाली, पण बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. त्या दिवशीच्या इतिवृत्तात जीवरामला प्रमाणपत्र देण्याचा ठराव आहे, आणि त्याखाली अभिमन यांचे उत्तर, शब्दशः:

‘मला कावीळ झाली होती, बाई. दोन महिने पेजेवर होतो, पोट त्यात गेलं. फळी मी फोटो काढल्यावर शिकलो.’