रिकामे म्हणून ठेवलेले

माझ्या थोरल्या भावाला साठवायचा सोस आहे. साबण, बल्ब, औषधं, जुन्या चपला, काय वाटेल ते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, पण हॉटेलातून साखरेच्या पुड्या खिशात घालून आणतो. त्याला सगळे साहेब म्हणतात, मी दादा म्हणते आणि मनातल्या मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझं ऑक्सिजनच्या सिलिंडरचं दुकान आहे. घरी आजारी माणूस असलेल्यांना आम्ही सिलिंडर पुरवतो. धंद्याचा एकच नियम: रिकामा द्या, भरलेला न्या. कारण गॅस भरणारा कारखाना मलाही तोच नियम लावतो. मी जेवढे रिकामे नेईन तेवढेच भरून मिळतात. गिऱ्हाइकाने रिकामा घरात अडवून ठेवला, की पुढच्या माणसाचा भरलेला अडला. हे पोरालाही कळतं. दादाला कळत नाही, कारण नियम हे इतरांसाठी असतात, साहेबांसाठी नसतात.

आई दादाकडे असते. तिच्या फुप्फुसांनी मान टाकली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दिवसरात्र मिनिटाला दोन लिटरने ऑक्सिजन लावून ठेवा. म्हणजे मोठा सिलिंडर अडीच दिवसांत आटोपतो. दादाचा फोन त्याप्रमाणे बरोबर यायचा, "संपला गं, पाठव." मी पाठवायची. रिकामा मागितला की म्हणायचा, "लिफ्ट सारखी अडकते. राहू दे की दोन दिवस, घरचंच दुकान आहे!" ड्रायव्हर येऊन सांगायचा, मागच्या खोलीत उभे आहेत, सगळ्यांची सीलं निघालेली आहेत. भरलेल्याच्या तोंडावर सील असतं, वापरला की ते जातं. म्हणजे रिकामेच. माझ्या हिशेबी दादाकडे सहा झाले: एक आईला लावलेला, पाच रिकामे. मी चिडायची, पण मनात बरंही वाटायचं. एवढे संपतायत म्हणजे आईला हवा नीट मिळतेय.

मधल्या रविवारी भेटायला गेले तर आई झोपलेली. हाक मारली तर मला मावशीच्या नावाने ओ दिली. वहिनी म्हणाल्या, "वय झालं आता. दिवसभर गुंगीतच असतात." मी मान डोलावली. शहाणी ना मी!

त्या सकाळी गोडाऊनमध्ये भरलेला एकही सिलिंडर उरला नव्हता. कारखाना रिकाम्याशिवाय द्यायला तयार नाही. अशात पोस्टमनकाकांची सून दुकानात आली. निवृत्त पोस्टमन, श्वासाचा जुना आजार. ही बाई आपला रिकामा सिलिंडर न चुकता रिक्षात घालून स्वतः आणून देते. आज पण घेऊन आली होती.

"ताई, लावलेला संध्याकाळपर्यंत टिकेल फक्त," ती म्हणाली. "मग काय करू?"

"संध्याकाळच्या आत घरी पोहोचवते," मी म्हणाले. कुठून ते मला माहीत नव्हतं. दादाचे पाच आणि तिचा एक घेऊन कारखाना गाठायचा, एवढंच डोक्यात. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी काढ, ट्रॉली घे.

दादाच्या इमारतीची लिफ्ट झकास चालू होती. तिच्यातूनच वर गेलो.

दारात दादा धुतल्या तांदळासारखा उभा. "फोन करायचास ना! आज नको, आज मागच्या खोलीची किल्ली सापडत नाहीये."

"तुझ्या कमरेला लटकतेय ती कसली?"

"ती दुसरी."

मी किल्ली ओढून घेतली. पन्नाशीच्या बाईने भावाच्या कमरेची किल्ली हिसकावणं शोभत नाही, ठाऊक आहे मला. खोली उघडली. टूथपेस्टची खोकी, तेलाचे डबे, आणि भिंतीला टेकून माझे पाच सिलिंडर. तोंडं उघडी, सीलं गायब. पहिला ड्रायव्हरने ट्रॉलीवर घेतला आणि थबकला.

"बाई, हा जड लागतोय."

मी पिशवीतून दाब मोजायचं गेज काढलं, पान्याने घट्ट बसवलं, सावकाश चावी फिरवली. काटा सरळ दीडशेवर गेला. काठोकाठ भरलेला. दुसरा, तोही भरलेला. तिसरा, चौथा तसेच. फक्त पाचवा रिकामा निघाला. पठ्ठ्याने ड्रायव्हरला दाखवायला नखांनी सीलं सोलून ठेवली होती! ज्याने आयुष्यभर लोकांचे अर्ज खोट्या सहीसाठी परत पाठवले, तो हा माणूस.

"आईसाठीच ठेवलेत ना!" दादा म्हणाला. "उद्या तुझ्याकडे मिळाले नाहीत तर? मी दूरचा विचार करतो. तुम्हा दुकानदारांना आजचंच दिसतं."

मी त्याला शिव्या घालणारच होते, तेवढ्यात हिशेब डोक्यात आला. चार भरलेले आहेत. मग आईने घेतलं काय? एवढ्या दिवसांत एक रिकामा आणि एक लावलेला. बस्स. जे आईने श्वासातून संपवले म्हणून मी निवांत होते, ते इथे टूथपेस्टच्या शेजारी उभे होते.

आईच्या खोलीत धावले. नळी नाकात होती, पण सिलिंडरच्या मीटरमधली गोळी जेमतेम एक लिटरवर. तिचे ओठ जांभळट, नखं तशीच.

"रात्री?" मी वहिनींना विचारलं.

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "रात्री बंद करतो. झोपेत कशाला लागतो? हे म्हणाले, उगाच वाया जातो."

"वाया जातो? आईच्या छातीत गेलेला वाया जातो?" माझा आवाज सगळ्या मजल्याने ऐकला असेल. ऐकू दे. मी गोळी दोनवर नेली. आईचा हात धरून बसले. दादा दारात उभा राहून इमारतीतले लोक काय म्हणतील ते सांगत होता. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही, ड्रायव्हरला म्हणाले, "एक भरलेला आधी पोस्टमनकाकांकडे टाक. मग परत ये. उरलेले आणि आई, दोन्ही माझ्या घरी जायचेत. वाटेत डॉक्टरांना दाखवू."

तेव्हा साहेबांनी आवाज खाली आणला. "एक तरी ठेव गं इथे."

"कशाला? आई तर माझ्याकडे चाललीये."

"मलाच लागला कधी तर?"

हा माणूस रोज सकाळी टेकडी चढून येतो. घोड्यासारखी छाती आहे याची. राग तर आलाच, पण खरं सांगते, त्याहून जास्त किळस आली. एवढा मोठा माणूस, आणि आत काय, तर भीती आणि टूथपेस्ट.

ड्रायव्हर गेला. पंधरावीस मिनिटांनी आईच्या ओठांचा रंग बदलू लागला. तिने डोळे उघडले, नीट पाहिलं, आणि या वेळी माझ्याच नावाने हाक मारली.

"आले का गं तुझ्या दुकानात सिलिंडर?"

"म्हणजे?"

"दादा म्हणाला ना, तुझ्याकडे अगदी टंचाई आहे. लोक दारात येऊन रडतात म्हणे तुझ्या." ती दम घ्यायला थांबली. "मग मीच म्हटलं, माझा कमी कर, रात्रीचा तर बंदच ठेव. पोरगी एकटी कुठे कुठे पुरी पडणार? चालतं मला. सवय झाली."

मी मागे वळून पाहिलं. दादा खोलीत नव्हता. बाहेर तेलाचे डबे जागच्या जागी लावत असल्याचा आवाज येत होता.

"आले, आई," मी म्हणाले. "भरपूर आले. आता बोलू नकोस, नुसता श्वास घे."