मावळत्या अध्यक्षांचे आमंत्रण

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, पण देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. माझ्या वाट्याला कधी नैवेद्य आला नाही की सुट्टीची आरोळीही आली नाही. मी सभेची घंटा. लाकडी बैठकीवर टांगलेली, वीतभर उंचीची, पितळेची. माझ्या जोडीला एक शिसवी हातोडी आहे. तिच्याशिवाय मी मुकी.

बेळगावच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तिथून मला हुबळीच्या लोकसेवा क्लबाने आणले. क्लब म्हटले की तुम्हाला पत्ते आठवतील. हा तसला नव्हता. हुबळीचे कापडवाले, सुताचे व्यापारी, वकील आणि धारवाडचे काही मास्तर, डॉक्टर एकत्र जमत आणि कुठे दवाखान्याला खाटा दे, कुठे विहीर साफ कर, अशी कामे करत. माझे काम म्हणजे सभा सुरू करायची, सभा संपवायची आणि कुणी बोलत सुटले तर त्याला आवरायचे. या शेवटच्या कामामुळे वकीलमंडळी माझ्याकडे जरा वाकड्या नजरेनेच बघत!

दर जुलैत क्लबाचा अध्यक्ष बदले. त्या समारंभाची रीत ठरलेली होती. मावळते अध्यक्ष मला वाजवून सभा सुरू करत आणि वर्षभराचा अहवाल सांगत. मग एखादे माजी अध्यक्ष उठून नव्या अध्यक्षांचा परिचय करून देत. त्याच भाषणात मावळत्यांचे आभारही मानायचे, पण एकाच ओळीत. परिचय संपला की मावळते आपल्या गळ्यातले पदक नव्यांच्या गळ्यात घालत, हातोडी त्यांच्या हाती देत, आणि त्या रात्रीपासून मी नव्यांच्या घरी राहायला जाई.

त्या वर्षी मी गोविंदशेठ मिरजकरांच्या घरी होते. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात त्यांचे कापडाचे दुकान होते. त्यांच्या वर्षात पटकीची साथ आली आणि माणसाने झोप सोडून काम केले. आता अध्यक्ष होणार होते धारवाडच्या सप्तापुरात राहणारे हणमंतराव कुलकर्णी, शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर. धारवाडचा अध्यक्ष हे पहिल्यांदाच घडत होते. हुबळीकर म्हणत, "धारवाडवाले बोलणार, आणि पैसा आम्ही काढायचा होय?" धारवाडकरांचेही हुबळीकरांबद्दल काही कमी गोड बोलणे नव्हते.

परिचयाचे काम आले रामचंद्रपंत वकिलांकडे. ते मावळत्यांबद्दल चार गोष्टी विचारायला गोविंदशेठांच्या घरी आले. मी फडताळावरून सगळे ऐकत होते.

"शेठ, तुमच्याबद्दल काय सांगू?"

"काय सांगताय? मी येणारच नाही तिथं," गोविंदशेठ म्हणाले. "घंटा अन् हातोडी तुम्ही घेऊन जावा."

पंत चकित झाले. मावळते आलेच नाहीत तर मला वाजवणार कोण आणि पदक घालणार कोण? शिवाय शेठ रुसले की हुबळीचे निम्मे सभासद त्यांच्यामागून उठणार. क्लबाचे दोन तुकडे व्हायला तेवढे पुरे होते. पंतांनी पुष्कळ विचारले, पण शेठ दुकानाकडे निघून गेले.

तेव्हा रुक्मिणीबाई, शेठांच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, "पंत, तुमच्या क्लबाचा चिटणीस आमंत्रण द्यायला गल्लीत घरोघर फिरला की हो. कुंकू, अक्षता, नारळ. शेजारच्या हिराबाईंकडं आला, पलीकडं गेला. आमच्या उंबऱ्याला पाय नाही लावला."

"अहो, शेठ तर यजमान! घरच्या माणसाला कसलं आमंत्रण?"

"यजमान कालपर्यंत. आता ते पाहुणेही नाहीत आणि यजमानही नाहीत. मनाला लागलंय त्यांच्या."

मित्रांनो, चिटणिसाचा हेतू वाईट नव्हता. आपण लग्नाचे आमंत्रण स्वतःच्या बापाला देतो का? तसेच त्याला वाटले. पण ज्याच्या हातून सत्ता जात असते त्याची कातडी फार पातळ झालेली असते.

पंत वकील असले तरी वाद घालत बसले नाहीत. संध्याकाळी ते पुन्हा आले, तेही पत्नी गोदूबाईंना घेऊन. गोदूबाईंनी रुक्मिणीबाईंना कुंकू लावले. पंतांनी शेठांच्या हाती अक्षता आणि नारळ दिला. "शेठ, शुक्रवारी सहकुटुंब यायचं. बर्री," ते म्हणाले, म्हणजे या हं. कानडी आग्रह मराठीपेक्षा लवकर पोचतो, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

शेठांनी नारळ घेतला. "येतो. पण हातोडी द्यावी वाटली तर देईन, आधीच सांगतो."

शुक्रवारी हुबळीच्या एका शाळेचे सभागृह भरले. एका बाजूला हुबळीकर, दुसऱ्या बाजूला धारवाडकर. जणू वरपक्ष आणि वधूपक्षच! शेठांनी मला असे ठोकले की माझ्या अंगाला झिणझिण्या आल्या. मग त्यांनी अहवाल वाचला आणि ते खाली मान घालून बसले.

पंत उठले. नेहमीचे वकील अशा वेळी जन्मगावापासून सुरू करून मॅट्रिकच्या गुणांपर्यंत जातात. त्यात माणूस कळतो, पण तो इथे का, ते कळत नाही. पंतांनी तसे केले नाही. आभाराची ओळही शेवटी, फराळाच्या ताटांच्या आवाजात बुडायला ठेवली नाही. पदक अजून शेठांच्या गळ्यात होते, तेव्हाच ते त्यांच्याकडे वळून म्हणाले,

"गोविंदशेठ, पटकीत सगळे घराची दारं लावत होते, तेव्हा तुम्ही केशवापूरच्या विहिरीवर उभे राहिलात, म्हणून आम्हाला घरात बसायची लाज वाटली; क्लब तुमचा आभारी आहे."

एकच ओळ. मग हुबळीच्या बाजूने कुणीतरी "हौदु, हौदु!" म्हणाले, म्हणजे होय, खरे आहे. त्यात धारवाडच्या टाळ्या मिसळल्या. शेठांनी उपरण्याने डोळे पुसले. मला फार बरे वाटले.

पंत पुढे बोलू लागले. "त्याच विहिरीवर रोज सकाळच्या गाडीनं एक माणूस यायचा. विहिरीत लाल औषध किती टाकायचं ते पाणी मोजून ठरवायचा. घरोघरच्या बायकांना पाणी उकळून प्यायला सांगायचा. कुणी विचारलं, तुम्ही कुठले? तर म्हणायचा, पाणी पितो तिथला. विहिरींना कठडे बांधायचे, दोन्ही गावांत, हे त्याचं या वर्षीचं काम आहे. ते काम हुबळीच्या हातांशिवाय होणार नाही, हे तो जाणतो. मंडळी, तुमचे नवे अध्यक्ष, हणमंतराव कुलकर्णी!"

नाव शेवटी आले. तोवर त्या माणसासाठी टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि तो धारवाडचा आहे हे आठवायला कुणाला सवड मिळाली नाही. पंतांची वेळ संपायच्या आत भाषण संपले. माझी गरज पडली नाही, हा वकिलाच्या भाषणात विक्रमच म्हणायचा.

शेठ उठले. त्यांनी पदक काढून हणमंतरावांच्या गळ्यात घातले. मग हातोडी उचलली. ती क्षणभर त्यांच्या हातातच राहिली. सगळे बघत होते. हणमंतरावांनी हात पुढे केला नाही. ते म्हणाले, "शेठ, कठड्यांची पहिली कमिटी तुमची. तुम्ही हो म्हणालात तरच मी ही घेतो."

"चुना माझा," शेठ म्हणाले, "हिशेब तुमचा. धरा."

आणि त्यांनी हातोडी दिली.

त्या रात्री मी पहिल्यांदा धारवाडला गेले. पुढे वर्षभरात दोन्ही गावांतल्या पुष्कळ विहिरींना कठडे झाले, आणि कामाच्या दिवशी शेठ मास्तरांच्या आधी हजर असत. आता लढाईचे दिवस आहेत, सभा कमी होतात. मी एका कपाटात कापडात गुंडाळलेली असते. कधी तरी कुणी मला घासते, पुष्कळदा विसरतात. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गाचा नवा मॉनिटर निवडाल, खेळाचा नवा कप्तान कराल, तेव्हा त्याच्या नावाने खुशाल टाळ्या वाजवा. पण त्याआधी जुन्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणा. तो आपलाच आहे, आपणहून येईल, असे समजू नका.