घंटी आधी सांगायची होती

वादविवाद स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना मुख्याध्यापक विश्वजित सर घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "हवालदार, यंदा परीक्षकांची ओळख आणि नियम तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "सर, मी घंटी वाजवणारा माणूस. बोलायचं काम बाईंचं."

बाई म्हणजे माझी बायको, राजेश्वरी. मलकापूरच्या या शाळेत ती मराठी शिकवायची आणि ही आंतरशालेय स्पर्धा तिनेच सुरू केली. मी फौजेतून परत आल्यावर तिने मलाही कामाला लावलं. एकोणीस वर्षं मी स्टेजच्या कडेला घड्याळ आणि घंटी घेऊन बसलो. शाळेत सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून तिथे मीही बाईच म्हणायचो. भाद्रपदात ती गेली. स्पर्धा डिसेंबरात.

"दुसऱ्या कुणी सांगितलं तर भाषण होईल," सर म्हणाले. "बाई कसं करायच्या ते तुम्हालाच माहीत आहे."

ते खरं होतं. बाकीच्या ठिकाणी परीक्षकाची ओळख म्हणजे दोन पानं वाचायची. पदव्या, पुरस्कार, कुठल्या मंडळाचे सदस्य. तोवर पोरांचे हातपाय गार पडायचे. राजेश्वरी प्रत्येक परीक्षकाला आधी फोन करायची. नाव, काम, आणि स्पर्धेत तुमच्या घरातलं किंवा शिकवणीतलं कुणी आहे का, हे विचारायची. असेल तर परीक्षक बदलायची. मग शेवटी विचारायची, "पोरांना तुमची भीती वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगा." तेवढीच ती स्टेजवर सांगायची. तिचं म्हणणं असायचं की आपल्या चुकीने एकाही पोराचं नुकसान होता कामा नये, बाकी कुणी जिंको.

मी हो म्हणालो. दुपारी कपाट उघडून तिचं नियमांचं कार्ड शोधलं. फोनवर तिघांशी बोललो. पहिला फोन वकील उदयसिंहांना. ते म्हणाले, "माझा परिचय व्हॉट्सॲपवर पाठवतो." तो चार पानं आला. मी परत फोन लावला.

"वकीलसाहेब, एवढं न्हाई लागत. लहानपणीचं काहीतरी सांगा."

ते म्हणाले, "बाईंनीसुद्धा हेच विचारलं असतं." आणि सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी अकरा शाळा आल्या. एका शाळेतून दोघंजण, एक विषयाच्या बाजूने बोलणार, एक विरुद्ध. विषय होता, 'ऊसतोडणी यंत्रानेच व्हावी.' नोंदणीच्या टेबलावर नानासो नावाचे एक मास्तर दोन मुलं घेऊन उभे होते. माणदेशातून पहाटेच्या एसटीने आले होते.

"आमची शाळा पैल्यांदाच आलीया," ते म्हणाले. "पोरगी चांगली बोलती, पण माइक बघितला न्हाई तिनं कवा."

पोरगी नववीतली. नाव सृष्टी. अंगावर इस्त्रीचा गणवेश, पायात नवीन चपला. घरी मेंढरं आहेत आणि थोडी शेती, असं नानासोंनी सांगितलं. तिने चिठ्ठी उचलली तर चार नंबर आला.

घंटीला यंदा मनुबाईंना बसवलं. त्या शाळेत शिपाई आहेत. मी त्यांना नीट समजावलं. चार मिनिटांना एकदा वाजवायची, पाच मिनिटांना दोनदा. मनुबाई म्हणाल्या, "आवं हवालदार, तीस वर्सं शाळंची घंटा मीच देतीया. ही तर बारकी हाय."

मी माइकसमोर उभा राहिलो. समोर दोनशे पोरं. कार्ड हातात होतं, पण परीक्षकांसाठी ते लागलं नाही.

"हे वकील उदयसिंह. कराडच्या कोर्टात काम करतात. सातवीत असताना हे पहिल्यांदा भाषणाला उभे राहिले आणि 'अध्यक्ष महोदय' म्हणून खाली बसले. पुढचं आठवलंच नाही."

पोरं हसली. वकीलसाहेबही हसले.

"या प्राध्यापिका शालन थोरात. सांगलीला कॉलेजात शिकवतात. यांना अजून स्टेजवर जाताना पाणी प्यावं लागतं. आणि हे लालासाहेब यादव, निवृत्त मुख्याध्यापक. यांनी चाळीस वर्षं वह्या तपासल्या, आता यांना कुणाच्या चुका काढायचा कंटाळा आलाय. या तिघांचं कुणीही नातलग किंवा विद्यार्थी आज स्पर्धेत नाही."

मग कार्ड वाचलं. आपला नंबर सांगायचा, नाव आणि शाळा सांगायची नाही. प्रत्येकाला पाच मिनिटं. जास्त झाल्यास गुण कमी होतील. मुद्द्यांची चिठ्ठी हातात चालेल, लिहिलेलं भाषण वाचता येणार नाही. मुद्द्यांना चाळीस गुण, मांडणीला तीस, समोरच्याचा मुद्दा खोडण्याला वीस, भाषेला दहा. परीक्षकांचा निर्णय अंतिम.

कार्ड संपलं. काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, म्हणून मी जरा थांबलो. कार्ड उलटून पाहिलं, मागे कोरं होतं. मग एक नंबरला बोलावलं आणि बाजूच्या खुर्चीवर बसलो.

पहिली तिघं कराड आणि साताऱ्याकडची होती, अशा स्पर्धा केलेली. पहिली घंटी झाली की ती आवरतं घ्यायची, दुसरीला थांबायची. मला बरं वाटत होतं. वाटलं, जमलं.

सृष्टी आली. ती यंत्राच्या विरुद्ध बोलणार होती. सुरुवातीला आवाज बारीक निघाला, मग उघडला. ती पुस्तकातलं बोलत नव्हती. आमच्याकडची माणसं तोडीला येतात, ती सहा महिन्यांचं धान्य घेऊन परत जातात, हे सांगितलं. आधीचा मुलगा म्हणाला होता की यंत्राने वेळ वाचतो. ती म्हणाली, वाचतो, पण चार-पाच गुंठ्याच्या तुकड्यात यंत्र वळणार कुठं. लालासाहेबांनी मान हलवली आणि लिहिलं.

"तोडकरी ऊस साळतो तेव्हा वरचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, निघतं," ती म्हणाली. "ते जनावरांना घालतात. यंत्र ते बारीक करून रानातच टाकतं. मग आमची जनावरं..."

घंटी वाजली. एकदा.

ती थांबली. मनुबाईंकडे बघितलं, परीक्षकांकडे बघितलं. हात जोडले, "धन्यवाद" म्हणाली आणि खाली उतरली.

सभागृहात टाळ्या पडल्या, पण अर्धवट. काय राहिलं होतं ते मला तेव्हा कळलं.

दरवर्षी शेवटचा नियम झाला की राजेश्वरी माझ्याकडे वळायची आणि म्हणायची, "वाजवा." मी एकदा वाजवायचो. ती पोरांना सांगायची, ही फक्त सूचना, एक मिनिट उरलंय, थांबायचं नाही. मग पुन्हा "वाजवा." मी दोनदा वाजवायचो. आता थांबायचं. हे कार्डावर तिने कधी लिहिलंच नव्हतं, कारण मी समोर असायचो. आणि मला तो नियम म्हणून कधी ऐकूच आला नाही. माझं लक्ष घंटीवर असायचं, तिने बोलावलं की वाजवायची.

मी उठलो. विश्वजित सरांनी बाही धरली. "हवालदार, पुढचा नंबर घ्या. ती स्वतः थांबली. आता हा विषय काढला तर वाद होईल."

"सर, मी सांगितलं न्हाई म्हणून थांबली."

"निर्णय परीक्षकांचा असतो."

"मग त्यांनाच विचारतो."

माइकवर गेलो. "परीक्षकांना विनंती आहे, चार नंबरची गुणपत्रिका अजून देऊ नका. घंटीचा नियम सांगायचा माझ्याकडून राहिला. चार मिनिटांची घंटी ही सूचना असते, थांबायची घंटी नव्हे. मुलीचं एक मिनिट माझ्यामुळं गेलं."

कराडच्या एका शाळेचे मास्तर उठले. "बाकीच्या पोरांना बरं समजलं. मग तिला दोनदा संधी का? आमचा पण एक मुद्दा राहिला होता."

मागून नानासो म्हणाले, "तुमचं पोरगं पाच मिनटं बोललं की गड्या. आमचीनं चारच घेतली."

थोडा हशा झाला. शालनताई वळून मनुबाईंना म्हणाल्या, "किती वेळ झाला होता?"

"चार मिनटं आन् वर पाच सेकंद," मनुबाई घड्याळ दाखवत म्हणाल्या. "मी बरोबर वाजवली हां. यांनीच सांगितल्यालं."

"तुमचं बरोबरच आहे," मी म्हणालो. "चूक माझी."

तिघं परीक्षक डोकी जवळ करून बोलले. मग उदयसिंह उभे राहिले. "नवीन भाषण नाही. उरलेली पंचावन्न सेकंदं. थांबली तिथून पुढे. आणि आधीच्या तिघांच्या गुणांना हात लागणार नाही." कराडचे मास्तर थोडं पुटपुटले आणि बसले.

सृष्टी उठेना. मी तिच्याजवळ गेलो. ती नानासोंच्या शेजारी मान खाली घालून बसली होती.

"मला वाटलं माझंच चुकलं," ती म्हणाली.

"न्हाई बाळ. माझं चुकलं."

"आता आठवत न्हाई मी कुठं थांबले ते."

"मला आठवतंय," मी म्हणालो. "यंत्र वाढं बारीक करून रानातच टाकतं. मग आमची जनावरं. इथं थांबलीस."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी ऐकत व्हता?"

"एकोणीस वर्सं ऐकतोय पोरी. चल."

स्टेजपर्यंत मी बरोबर गेलो आणि बाजूच्या खुर्चीवर बसलो. मनुबाईंनी घड्याळ चालू केलं. सृष्टीने श्वास घेतला.

"मग आमची जनावरं उन्हाळ्यात काय खाणार," ती म्हणाली. "यंत्रानं ऊस कारखान्याला लवकर जातो, हे खरं. पण उसाचं सगळंच कारखान्यात जात न्हाई. थोडं तोडणाऱ्याच्या घरी जातं, थोडं गोठ्यात जातं. तेवढं ठेवून यंत्र आणता आलं तर आणा. न्हाई तर..."

दोन वेळा घंटी वाजली. ती थांबली नाही. "न्हाई तर आमच्या वाट्याचं तुमी कुठून भरून देणार, ते आधी सांगा," एवढं बोलली आणि मग हात जोडले.

या वेळी टाळ्या पूर्ण पडल्या. नानासो उभे राहून वाजवत होते. मी खाली बघत राहिलो. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मला तिथे कुणाला तरी सांगायचं होतं की झालं, पोरीचं मिनिट दिलं परत.

पायरीवरून उतरताना सृष्टी माझ्यापाशी थांबली. "आजोबा, दुसऱ्या घंटीनंतर बोलले मी. गुण कापतील का?"

"कापतील," मी म्हणालो. "तो नियम मी सांगितलेला आहे."

"कापू द्या," ती म्हणाली. " वाक्य अर्धं ठेवलं असतं तर रातभर झोप आली नसती."

ती नानासोंकडे गेली. मी माइकवर परत आलो. पोरांकडे बघून म्हणालो, "आता सगळ्यांनी ऐका. मनुबाई, वाजवा."

त्यांनी एकदा वाजवली.

"ही सूचना. थांबायचं नाही. एक मिनिट अजून तुमचं आहे. वाजवा."

दोनदा वाजली.

"आता थांबायचं," मी म्हणालो, आणि पाच नंबरला बोलावलं.