न पटणारा पेशंट

श्रावस्तीला इंग्रजी ऐकण्याच्या पेपरात 'बी' मिळाला आणि बोलण्याच्या पेपरातही 'बी' मिळाला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू. निकाल लागलेला नाही, परीक्षा व्हायची आहे, आणि भूमच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत श्रावस्ती मोबाइल उशाला टेकवून एका इंग्रज बाईच्या गुडघेदुखीची कहाणी एकविसाव्यांदा ऐकते आहे.

श्रावस्ती भूमच्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलनं तिला नेमणुकीचं पत्र दिलं होतं. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नर्सिंगसाठीची इंग्रजीची परीक्षा पास झाल्याचा निकाल जूनअखेर पाठवावा, न आल्यास जागा दुसऱ्याला जाईल. पहिल्या खेपेला वाचन आणि लेखन पास झालं. ऐकणं आणि बोलणं सी प्लसवर अडकलं, आणि तिथं बी लागत होता. आता तेवढेच दोन पेपर पुन्हा, पुण्याला, तीन आठवड्यांनी. जूनअखेरच्या आत बसणारी तारीख ही एकच.

तिला कळत नव्हतं ते एवढंच, की ऐकण्याच्या सरावात घरी बेचाळीसपैकी अडतीस येतात आणि परीक्षेत काय होतं.

सरावाची रेकॉर्डिंगं हर्षालीची होती. हर्षाली दवाखान्यातली सीनियर. तिनं सोलापूरला क्लास लावला, क्लासातली जुनी रेकॉर्डिंगं वाजताना आपल्या मोबाइलवर टिपून घेतली, पास झाली, आयर्लंडला गेली आणि जाताना ती फाइल श्रावस्तीला देऊन गेली.

त्या दिवशी इअरफोनचा एक कान बंद पडला म्हणून श्रावस्तीनं रेकॉर्डिंग मोठ्यानं लावलं. पलीकडं बाजेवर मच्छिंद्रमामा पेपर वाचत होते. मामा एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. रिटायर झाल्यावर आठ दिवस बहिणीकडं म्हणून आले, त्याला आता दोन वर्षं झाली होती. इंग्रजी त्यांना निम्मं कळायचं आणि उरलेल्या निम्म्याचा संशय यायचा.

गुडघेवाली बाई डॉक्टरशी बोलत होती. श्रावस्ती गाळलेल्या जागा भरत होती.

"लिव्ह आता," मामा पेपराआडून म्हणाले.

तिनं लिहिलं. बरोबर होतं.

"आता परत लिव्ह."

पुन्हा बरोबर. सहाव्यांदा तेच झाल्यावर श्रावस्तीनं रेकॉर्डिंग थांबवलं. "मामा, तुमाला कसं कळतंय उत्तर आलं म्हणून?"

"मला काय कळतंय? मास्तर टकटक करतोय की."

तिनं मोबाइल कानाला लावून पुन्हा ऐकलं. मामा खरं सांगत होते. उत्तर यायच्या आधी क्लासातले सर टेबलावर पेनानं हळूच टक करत होते, पोरांना लक्ष द्या म्हणून. चार महिने श्रावस्ती इंग्रजी ऐकत नव्हती, पेन ऐकत होती.

त्याच संध्याकाळी तिनं परीक्षेच्या वेबसाइटवरनं टकटक नसलेले जुने नमुने उतरवले. सव्वीस आले.

"आधी किती व्हते?" मामांनी विचारलं.

"अडतीस."

"मंजी बारा मार्क मास्तरचे. त्येला पाठव इंग्लंडला."

श्रावस्तीला हसू आलं नाही. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, मागं घेता येत नाही. एक उत्तर सुटलं की ती त्याच्यामागं मनातल्या मनात पळायची आणि तेवढ्यात पुढची तीन निघून जायची. हे तिनं मामांना सांगितलं, कारण घरात ऐकायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

मामांनी पेपराची घडी घातली. "हे बघ. म्या एकतीस वर्सं बेल मारली. डबल बेल दिली, गाडी निघाली, मागनं कुणी पळत यायलंय. गाडी रिव्हर्स घेतो का आपण?"

"न्हाय."

"मग? राह्यलं त्ये राह्यलं. पुढच्या स्टॉपावर बघ कोण उभंय."

हे तिला सोलापूरच्या सरांच्या सगळ्या टकटकीपेक्षा उपयोगी पडलं. सुटलेली जागा सोडून ती पुढं बघायला लागली. सव्वीसाचे एकतीस झाले, एकतीसाचे चौतीस. मामांचा भाव इतका वाढला की आई, म्हणजे मुक्ताबाई, त्यांना न मागता दुसरा चहा द्यायला लागली. आणि त्याच भावात मामांना बोलण्याच्या पेपराच्या सरावासाठी पेशंटची नेमणूक मिळाली.

बोलण्याचा पेपर असा असतो. समोर एक माणूस बसतो आणि पेशंट होतो. कधी पेशंटची आई, कधी मुलगा. नर्सला एक कार्ड देतात. प्रसंग काय, तिनं काय काय करायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. पेशंटकडं त्याचं वेगळं कार्ड असतं, ते नर्सला दिसत नाही. तीन मिनिटं तयारी, पाच मिनिटं बोलणं. असे दोन प्रसंग. हर्षालीनं जुन्या प्रसंगांची बारा कार्डं ठेवली होती, पेशंटच्या बाजूची सुद्धा.

मामांनी पहिलं कार्ड लांब धरून वाचलं. "मी काल ऑपरेशन झालेला माणूस हाय, आन मला आजच घरी जायचंय. का जायचंय?"

"ते लिहिलं न्हाय. तुमी ठरवा."

"आन बोलू कशात?"

"इंग्लिशमधी."

"का म्हून? इंग्लंडचा पेशंट आपल्या मातृभाषेत बोलतो. म्याबी माझ्या मातृभाषेत बोलनार."

तसंच ठरलं. ती इंग्रजीत समजावायची, मामा मराठीत नाही म्हणायचे. एक दिवस राहिलात तर जखमेवर लक्ष ठेवता येईल, असं ती म्हणाली. मामा म्हणाले, जखम माझी हाय, मी ठेवतो लक्ष. ताप आला तर? भूममधी मेडिकल हायत. डॉक्टरांशी बोलून बघू का? बोला, तंवर मी वाशीच्या गाडीत बसतो. पाच मिनिटांचा गजर वाजला तेव्हा मामा मनानं वाटेवरच्या पार्डी फाट्याला पोचले होते.

"मामा, शेवटी पटायला पायजे. कार्डावर लिव्हलंय, शेवटी तयार व्हा."

"पटू दे की मग. पटायलंय कुठं?"

बारा कार्डं झाली. मामांनी इन्सुलिन नाकारलं, पथ्य नाकारलं, नातवाची लस नाकारली, जिन्यावरनं चालायला नकार दिला आणि एका कार्डावर तर ते स्वतःच डॉक्टर असल्याचं सांगायला लागले. तिसऱ्या दिवशी ते चक्क म्हणाले, पटलं. श्रावस्ती खूश झाली. रात्रीच्या जेवणात मामांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "त्या इन्सुलिनचा म्या इचार बदललाय."

खिडकी रस्त्यावर उघडत होती. चार दिवसांत गल्लीत झालं की मच्छिंद्ररावांचं ऑपरेशन झालंय, ते औषध घेत नाहीत, आणि भाची बिचारी इंग्रजीत विनवण्या करते पण ऐकत नाहीत. लोक केळी घेऊन यायला लागले. श्रावस्ती दारातच खरं सांगायला निघाली तर मामांनी तिला आत ओढलं. "ऱ्हाऊ दे. सराव मोडू ने." आणि ते बाजेवर आडवे होऊन कण्हायला लागले.

पाचव्या संध्याकाळी किराणा दुकानवाले शरणबसप्पा आले; पहिल्या दिवसापासून खिडकीतनं ऐकून त्यांना हा सराव असल्याचं कळलं होतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. केळी ठेवली, खुर्ची ओढली आणि काही न समजावता बसून राहिले. बराच वेळ मामा वाट बघत होते की आता हा समजावील.

शेवटी शरणबसप्पा म्हणाले, "मच्छिंद्रराव, घरी जाऊन काय करणार हाव?"

मामा कण्हायचे थांबले आणि उठून बसले.

"न्हाय, मंजी घाई कशाची हाय, तेवडंच इचारतो."

"घाई..." मामा म्हणाले आणि छताकडं बघायला लागले. बारा कार्डांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. "दवाखान्यात झोप लागत न्हाय ओ. मानसं लई कन्हत्यात." हे खरं होतं की कार्डातलं, ते मामांनाही सांगता आलं नसतं.

"मग कोपऱ्यातली खाट मागू की."

"त्ये चालंल," मामा म्हणाले, आणि ऑपरेशन झालेला माणूस एक दिवस जास्त राहायला तयार झाला.

श्रावस्ती दाराशी उभी होती. ती पाच दिवस पेशंटला कारणं देत होती. शरणबसप्पांनी कारण विचारलं होतं. तिनं वहीत लिहिलं: आधी विचार, मग सांग. खाली दुसरी ओळ लिहिली: पटलं म्हणाला तरी विश्वास ठेवू नको.

पुण्याला ऐकण्याचा पेपर आधी झाला. हेडफोनमध्ये लख्ख इंग्रजी, पेनाचा टक नाही. पहिल्याच भागात औषधाचं एक नाव हातातनं सुटलं. तिनं डबल बेल दिली आणि पुढच्या स्टॉपावर बघितलं.

बोलण्याला समोर एक चष्मेवाल्या बाई होत्या. पहिल्या कार्डावर त्या पेशंट होत्या, त्यांना रक्तदाबाची गोळी नको होती. श्रावस्तीनं गोळी का घ्यावी ते न सांगता आधी विचारलं, गोळीची कोणती गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त खटकते? बाईंनी सांगितलं, चक्कर येते. श्रावस्तीनं कधी येते विचारलं, उठताना हळू उठायचं सांगितलं, डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोलते म्हणाली. बाई म्हणाल्या, बरं, घेईन.

दोन मिनिटंही झाली नव्हती.

दुसरी कुणी इथं गोंधळली असती. श्रावस्तीला समोर भाकरी मोडणारा माणूस दिसला. तिनं अतिशय नम्र इंग्रजीत विचारलं की मी जे सांगितलं ते नीट सांगितलं का हे मला बघायचंय, तर घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल ते तुमच्या शब्दांत सांगाल का? बाईंनी सांगितलं. एक गोष्ट चुकली. श्रावस्तीनं ती दुरुस्त केली. मग विचारलं, आणि आठवड्यानं बरं वाटलं म्हणून बंद करावीशी वाटली तर? बाई म्हणाल्या, हो, ते माझ्या मनात होतंच. वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा पेशंट आणि नर्स अजून बोलतच होत्या.

निकाल लागला तेव्हा श्रावस्तीनं तो आधी इंग्लंडला पाठवला आणि मग मामांना दाखवला. मामांनी तो लांब धरून वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण त्यात काहीतरी अडलेलं होतं.

"त्या बाईला दोन मिनटात पटलं?"

"व्हय."

"आन त्येला पेशंट म्हनत्यात."

मामांनी कपाटातनं रेघांचा कागद काढला, समास पाडला आणि दुपारभर बसून अर्ज लिहिला. श्रावस्तीनं तो इंग्रजीत करावा असं ठरलं होतं, पण मामांनी मातृभाषेचा मुद्दा पुन्हा काढला, म्हणून तो आहे तसाच रजिस्टर पोस्टानं गेला:

प्रति, मा. परीक्षा नियंत्रक साहेब. विषय: पेशंटच्या बोलण्याची मुदत वाढवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर परीक्षेत पेशंटास न पटण्यासाठी फक्त पाच मिनिटे देण्यात येतात. ही मुदत पेशंटवर अन्याय करणारी आहे. अर्जदाराच्या अनुभवानुसार साध्या इन्सुलिनला देखील दोन दिवस लागतात. तरी सदर मुदत किमान एक तास करण्यात यावी, मध्ये चहाची सुट्टी धरण्यात यावी, व पेशंटास पटल्यानंतर विचार बदलण्यासाठी रात्रीच्या जेवणापर्यंत सवलत देण्यात यावी, ही नम्र विनंती.