बगलेतला पांढरा

नायकाला घाम येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तो ते कंपनीत सगळ्यांना सांगत असे, आणि सांगताना कपाळ टिपत असे.

मावशी त्याच्या बगला धुवायची. म्हणजे त्याच्या शर्टांच्या. नाटक कंपनीचा कपडेपट तिच्याकडे होता आणि नायकाच्या पोकळ डौलाची जितकी माहिती तिला होती तितकी त्याच्या बायकोलाही नसेल. समोरून राजबिंडा, आणि शर्ट उलटा केला की काखेत पिवळे, कडक, पापडासारखे डाग. असल्या माणसाला लोक टाळ्या वाजवतात, याचं तिला हसू यायचं आणि रागही यायचा.

डाग कसा पडतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुती धागा पाणी पितो. घाम पितो, घामातलं मीठ पितो, आणि घाम अडवायच्या त्या डिओच्या कांडीतला अॅल्युमिनियमचा क्षारही पितो. घाम आणि क्षार धाग्याच्या आत एकमेकांना धरतात आणि पिवळे होऊन बसतात. ब्लीच टाकलं तर आणखी पिवळे. वरून गरम इस्त्री फिरवली की कायमचे. त्यावर उतारा एकच, आंबट. मावशी शर्ट पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायची, क्षार सुटायचा, मग साबणाचा हात. पण नायक महाशय कांडी अंगाला लावायचेच नाहीत. शर्ट चढवून, बटणं लावून, आरशात स्वतःवर खूश होऊन झालं की मग आठवण व्हायची. मग शर्टावरूनच काखेत खसाखसा घासायची, भिंतीला चुना फासावा तशी. तेवढा थर कुठलं व्हिनेगर काढणार?

एकदा पहिल्या रांगेतून कुणीतरी पिवळं पाहिलं. नायक थेट मालकांकडे गेला.

"मावशींचं धुणं बघा. मला घाम येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

मालक गरीब स्वभावाचे, म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकणारे. ते मावशीला म्हणाले, "पुन्हा तक्रार आली तर कपडे बाहेर लॉन्ड्रीत द्यावे लागतील, मावशी. मग तुम्हाला ठेवून मी काय करू?"

मावशीला मग भावाच्या घरी जावं लागलं असतं. वहिनी ताटात पोळी वाढताना पोळीकडे बघत नाही, माणसाकडे बघते. तिथे मिंधं होऊन राहण्यापेक्षा या मूर्खाच्या बगला धुतलेल्या बऱ्या, असं मावशीचं स्वच्छ मत होतं.

नायकाने स्वतःच तोड काढली. पॉलिस्टरचे शर्ट घेऊन आला.

"याला डागच पडत नाही, मावशी. शिका जरा काहीतरी."

आणि खरंच पिवळं पडेना. मावशीने नाक मुरडलं. पॉलिस्टर म्हणजे प्लॅस्टिकचाच भाऊबंद, त्याचा वेगळा विचार कशाला करायचा? सुतीचंच व्हिनेगर तिने त्यालाही दाखवलं, वर इस्त्री फिरवली आणि हँगरला लावून मोकळी झाली.

काही खेळांनंतर नायिका कपडेपटात येऊन ट्रंकेवर बसली. पोर नवी होती, पहिलीच मोठी भूमिका, सगळ्यांना अहो-जाहो करायची. शेवटच्या प्रवेशात नायक दोन्ही हात पसरतो, ती धावत त्याच्या मिठीत शिरते आणि मग प्रेक्षकांकडे वळून शेवटचं वाक्य म्हणते. आताशा ती मिठीत शिरतच नव्हती, वीतभर लांब थांबून नुसती मान झुकवत होती.

"मावशी, वास येतो हो. श्वास कोंडून धरला की वाक्य निघत नाही. मालक म्हणतात, मिठी जमत नसेल तर दुसरी बघू."

मावशीने हँगरवरचा शर्ट हुंगला. काही नाही. मग काखेवर कोमट इस्त्री टेकवली आणि तिला मागे सरकावं लागलं. शिळ्या तेलाचा, आंबूस, माणसाचा वास. नेमके मालक दारात उभे होते. त्यांनीही हुंगलं.

"आजच्या खेळाला हा वास गेला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर मला निर्णय घ्यावा लागेल."

ते गेल्यावर मावशीने काखेवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मुरला नाही, मण्यासारखा वर बसून राहिला. तिला स्वतःच्या अकलेची कीव आली. हा धागा पाणी पीतच नाही. क्षार आत शिरत नाही म्हणून पिवळा पडत नाही. पण तेलाशी याची गट्टी. अंगाचं तेल आणि कांडीतलं मेण याला घट्ट चिकटून बसतं आणि वास त्या तेलात राहतो. व्हिनेगर तेलाला काय करणार? आणि इस्त्रीने तर तिनेच ते तेल आणखी पक्कं केलं होतं. नायकाला मूर्ख म्हणता म्हणता तिने त्याच्या पंगतीला पाट मांडला होता.

तिने शर्ट उलटा केला, भांडी घासायचं लिक्विड काखेत चोळलं, मुरू दिलं, गरम पाण्यात ब्रशने घासलं, पुन्हा लावलं, पुन्हा घासलं. आता थेंब टाकला की पसरायला लागला. शर्ट पंख्याखाली वाळवला. इस्त्री कापडाला लावली नाही, फक्त वासाची परीक्षा घ्यायला हाताने चोळून काख गरम केली. काही नाही.

नायिकेने हुंगलं आणि तिचा चेहरा उजळला. "मावशी, आज मी खरी मिठी मारते."

ती झगा चढवायला गेली आणि नायक शर्ट घालायला आला. "म्हणजे तो तुमच्या व्हिनेगरचाच वास होता तर," तो म्हणाला. "मी सांगतच होतो."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक तिचीही होती, म्हणून जास्तच झाला. त्याने बटणं लावली, आरशात मान तिरपी केली आणि कांडी काढली. शर्टावरून घासली. एकदा, दोनदा, आज जरा जास्तच. मावशी बघत होती. सुतीत निदान थोडंफार मुरायचं. इथे सगळा थर कापडावर तसाच बसलेला, बोट लावलं तर बोटाला येईल असा. पांढऱ्यावर पांढरं, दिसत नव्हतं एवढंच. नायिकेचा झगा काळा होता, हेही मावशीला ठाऊक होतं. तो तिनेच सकाळी ब्रश करून ठेवला होता.

'मर मेल्या, होऊ दे तुझी शोभा,' ती मनात म्हणाली आणि सुईत दोरा ओवत बसली.

शेवटच्या प्रवेशात नायकाने हात पसरले. पोर धावली, आज अगदी आत शिरली, खांदे त्याच्या काखेत, डोकं छातीवर. विंगेतूनही कळत होतं की असं काम तिने आजवर केलं नव्हतं. मग ती प्रेक्षकांकडे वळली. दोन्ही काळ्या खांद्यांवर हातभर पांढरे फराटे. मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग रांगच्या रांग हसली. ती वाक्य म्हणाली, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. नायक मागे हात पसरून तसाच उभा होता. लोक कुणाला हसतात हे त्याला कळलंच नव्हतं.

मालकांना मात्र कळलं. पडदा पडताच त्यांनी फराट्याला बोट लावलं, बोट हुंगलं आणि नायकाला सगळ्यांसमोर झापलं. पॉलिस्टर बंद, कांडी अंगाला लावायची आणि वाळल्यावर शर्ट. "मावशींचं धुणं चोख आहे," असंही म्हणाले. मावशीची जागा पक्की झाली. नायक तोंडात मारल्यासारखा उभा होता. हेच बघायची तिची केवढी हौस होती.

नायिका कपडेपटात आली. रडून झालं होतं. तिने झगा उतरवला, पण मावशीच्या पुढे केलेल्या हातात दिला नाही.

"ते कांडी लावत होते तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

मावशीने पुढे केलेला हात मागे घेतला. खोटं बोलणं तिला सहज जमलं असतं, पण पोर तिच्याकडेच बघत होती.

"मी घरी धुते," पोर म्हणाली. तिने झगा घडी करून आपल्या पिशवीत घातला आणि जाताना नेहमीसारखंच, नीट आदराने म्हणाली, "येते मी."