चिमाजीअण्णांचं धोतर आणि पांढरा रंग

नसरापूरच्या चौकात माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. वाढदिवस असो नाहीतर दहावा, सगळ्यांची तोंडं मीच कापते. कापते म्हणजे फोटोतला माणूस अलगद सोडवते आणि मागचं सगळं उडवते. या कामाचा मला भारी गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली असतं हे मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

कामथडीचा गोरख टेम्पो चालवतो. त्याला चिमाजीअण्णांची मुलगी सुलक्षणा हवी होती आणि तिलाही तो हवा होता, पण अण्णा तीन महिने हो म्हणेनात की नाही म्हणेनात. म्हणून अण्णांच्या एकसष्टीला गावातला सगळ्यांत मोठा फ्लेक्स आपणच लावायचा, असं या शहाण्यानं ठरवलं. फोटो आणला तो देवळाच्या चुना मारलेल्या भिंतीपुढचा. पांढरी टोपी, पांढरी मिशी, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि मागं पांढरीफेक भिंत.

"निलोफरताई, मागं काहीच न्हाई की," गोरख म्हणाला. "नुस्तं पांढरं हाय. कापायचं काय त्यात?"

"पांढरं म्हंजे काहीच न्हाई, असं नसतंय," मी म्हणाले. "फोटोतल्या परतेक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असत्यात. तिन्ही पुरे भरले की पांढरा. चौथा आकडा अल्फाचा, ठिपका किती दिसायचा ते तो ठरवतो. अल्फा पुरा असला तर पांढरा रंग मागचं झाकून टाकतो. शून्य असला तर तितं भोक, मागचं आरपार दिसतंय. भगव्या फ्लेक्सवर अण्णा पांढऱ्या चौकोनात उभे केले तर लोक श्रद्धांजलीचे हार घेऊन येतील."

गोरखनं मान डोलावली. त्याला काहीच कळलं नव्हतं.

मी तासभर खपून अण्णांना कापलं. मिशीच्या कडेचे केस अर्धवट अल्फावर ठेवले, म्हणजे मागच्या रंगात मऊ मिसळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर अल्फा उडतो, म्हणून फाइल डॉक्युमेंट करून पाठवली. गोरखच्या मोबाईलवर अण्णांच्या मागं राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसल्या. इथं रिकामं आहे एवढंच त्या सांगतात. पण गोरखला वाटलं मी अण्णांना कुणाच्या तरी बाथरूममध्ये उभं केलं. त्यानं कुठल्याशा अ‍ॅपमध्ये ती फरशी पांढऱ्या रंगानं भरून टाकली आणि त्याच नावाची फाइल मला परत पाठवली. कॉम्प्युटरनं विचारलं, जुनी बदलू का? मी न बघता हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भोरच्या प्रेसवाल्याचा फोन आला. फ्लेक्सची सूर्यास्ताची भगवी-गुलाबी पार्श्वभूमी तयार आहे, त्यावर ठेवायला अण्णा लगेच पाठवा म्हणाला. फाइल उघडली तर मागं पांढरं. गोरखच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुन्हा कापायचा कंटाळा आला, म्हणून सगळं पांढरं एकदम निवडलं आणि डिलीट मारलं. त्या चौकटी माझ्याही डोळ्यांना टोचतात, म्हणून मी कायम खाली एक पांढरा थर ठेवते. त्या थरावर पाहिलं. टोपी होती, मिशी होती, धोतर जागच्या जागी होतं. थर बंद केला आणि कापलेले अण्णा प्रेसवाल्याला पाठवून दिले.

संध्याकाळी चार वाजता कामथडीत फ्लेक्स उलगडला, तेव्हा मीही तिथं होते.

धोतराच्या जागी सूर्यास्त होता. निऱ्यांच्या सावल्या तेवढ्या राखाडी रेघांसारख्या उरल्या होत्या आणि मधला गुलाबी रंग अगदी कातडीचा. मिशी गुल, डोळ्यांची बुबुळं भगव्यात तरंगत होती. गोरखनं भरलेल्या पांढऱ्याबरोबर मी पांढरं धोतरही उडवलं होतं आणि पांढऱ्या थरावर मला भोक म्हणजेच धोतर वाटलं होतं. गोरखला शिकवलेल्या धड्यात मीच नापास झाले होते. बायकांनी तोंडाला पदर लावले. सुलक्षणाचा चेहरा उतरला. त्या दोघांचं लग्न मी एका बटणावर मोडलं होतं.

"कुणी केलं हे?" अण्णांनी विचारलं.

मी पुढं होणार तोच गोरख बोलला. "म्या केलं, अण्णा. ताईंनी नीट दिलं हुतं, म्या त्यात हात घातला." एवढं बोलून तो देवळात गेला, रंगकामाचा पांढरा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन आला आणि शिडी लावून चढला.

अण्णा खालून बघत होते. शिडी डगमगली तशी त्यांनी येऊन ती धरली.

"निऱ्या सरळ काढ," ते म्हणाले. "आन मिशी एवढी बारीक नगं."

धोतर गुडघ्यापर्यंत झालं तेव्हा त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"ताई, लग्नाच्या फ्लेक्सवर मला काळा कोट घाला," ते म्हणाले.

वर गोरखचा ब्रश थांबला आणि रंगाचा ओघळ फ्लेक्सवरच्या अण्णांच्या पायावरून थेट सूर्यावर गेला.