कार्बनचे बूट आणि वकीलमामांचे पाय

आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळायची असं वकीलमामांनी ठरवलं, तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती आणि पोटानेही आपली बाजू ठामपणे पुढे मांडायला सुरुवात केली होती. तरी मामा चिकाटीचे. सहा महिने पहाटे उठून पळाले, साधे जाडसर रोजचे बूट घालून. गती अशी, की शेजारचे आजोबा फिरायला निघाले की दोघांच्या गप्पा पूर्ण व्हायच्या.

मग एका शनिवारी ते खेळाच्या दुकानात मोजे घ्यायला गेले आणि कार्बन प्लेटचे बूट घेऊन आले.

"हे काय?" मामींनी खोका उघडून पाहिला. आत झगझगीत नारंगी रंगाचे, होडीसारखे पुढून वर वळलेले, खालून पावाएवढ्या जाड तळव्याचे बूट.

"यात कार्बनची पट्टी असते. चार टक्के शक्ती वाचते."

"कुणाची?"

"पळणाऱ्याची."

"मग तुम्हाला काय उपयोग?" मामींनी झाकण लावलं.

मामा दुखावले. दुकानातला विक्रेता किती वेगळा वागला होता! त्याने मामांना यंत्राच्या पट्ट्यावर पळवलं, मान तिरकी करून पावलं न्याहाळली आणि म्हणाला, "साहेब, तुमची ढब अगदी धावपटूची आहे." तीस वर्षं न्यायालयात साक्षीदारांची उलटतपासणी घेणाऱ्या माणसाने या साक्षीदाराला एक प्रश्नही विचारला नाही.

पळणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो गेला. खाली अंगठ्यांचा पाऊस पडला. फक्त एकीने लिहिलं, "मामा, घाई नको. आधी मैदानावर या."

ही टिटवी. मामांची सख्खी भाची. उंच, काटकुळी, पाय संपता संपत नाहीत असे, म्हणून लहानपणीच पडलेलं नाव. शाळेत खेळ शिकवायची आणि मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत पळायची. मामांना मनातून तिचा अभिमान होता. पण सल्ला देणारी भाची आणि फुकट सल्ला मागणारा अशील, दोघंही त्यांना सारखेच नकोसे.

तरी ते गेले. टिटवीने छातीला ठोके मोजायचा पट्टा बांधला. "आधी रोजच्या बुटांत चार फेऱ्या, मग नव्या बुटांत चार. गती तीच ठेवायची. मी मागून मोबाइलवर टिपते."

मामा पळाले. नव्या बुटांत पाय टाकताच गादीवर उड्या मारल्यासारखं वाटलं. ते हात हलवत, ओठावर विजयी हसू ठेवून पळाले. थांबल्यावर म्हणाले, "बघ. उडतोय की नाही?"

"ठोके दोन्हीकडे सारखेच आहेत, मामा."

"यंत्राला काय कळतंय!"

"एका संध्याकाळच्या चाचणीवरून मीही निकाल देणार नाही. पण हे बघा." तिने चित्रफीत सावकाश चालवली. पडद्यावर मामांची टाच आधी बाहेरच्या कडेवर आपटत होती, मग घोटा आत कलंडत होता. रोजच्या बुटांत थोडासा. नारंगी बुटांत चांगलाच. "तळवा उंच आहे, मऊ आहे, टाचेला अरुंद. जोरात पळणारा झटकन पुढे निघून जातो. तुम्ही प्रत्येक पावलाला त्यावर मुक्काम करताय."

"पण आत पट्टी आहे ना? स्प्रिंग!"

"ती स्प्रिंग नाही हो. उसळी मुख्यतः फोम देतो. पट्टी बूट ताठ ठेवते, बोटांपाशी फार वाकू देत नाही. वेगात जोराने दाबलं की त्याचा हिशोब जमतो. हळू पळताना कुणाला थोडा फायदा होतो, कुणाला काहीच नाही, कुणाला तोटासुद्धा. आणि तुम्ही पाच तासांहून जास्त त्यावर उभे असणार."

"पाच तास कशाला? हे बूट घातल्यावर—"

"मामा."

मामांनी हरकत नोंदवली आणि दुसऱ्याच रविवारी टिटवीला न सांगता लांबचा सराव थेट नारंगी बुटांत केला. निम्मं अंतर झक्क गेलं. रस्त्यावर दोन माणसांनी वळून पाहिलं. ते बुटांकडे पाहत होते, हा तपशील मामांनी कामकाजातून वगळला. पुढे पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. दमून चालायला लागल्यावर तर बूट आणखीनच डुलायला लागले. एका वळणावर घोटा मुरगळला आणि मामा फूटपाथवर बसले. समोरून चालत येणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, रिक्षा बोलवू?"

मामांनी नाही म्हणायला मान हलवली. मान होकारार्थी हलली.

घरी मामींनी बर्फाची पिशवी दिली. मग नारंगी बूट खोक्यात ठेवून झाकण लावलं. संध्याकाळी टिटवी आली. घोटा चाचपून म्हणाली, "सूज थोडीच आहे. आठवडाभर पळू नका, मग रोजच्या बुटांत हळूहळू सुरू करा. वेळ आहे अजून."

ती जायला निघाली तेव्हा मामांचं लक्ष दारातल्या तिच्या बुटांकडे गेलं. तेही शर्यतीचेच, पण फोम चपटा पडून सुरकुतलेला, तळ झिजून गुळगुळीत.

"यात पळणार तू?"

"यांचा जीव केव्हाच गेला. यंदा रोजचेच घालेन. नवे घेणं नाही जमलं."

मामांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग आपल्या. मामांचे पाय उंचीच्या मानाने मोठे आणि टिटवीचं सगळंच लांब. मग ते उठले, लंगडत आत गेले आणि खोका आणून तिच्यापुढे ठेवला.

"घालून बघ."

"मामा, नको. तुमचे आहेत."

"उसने देतोय. अटी आहेत. एक, शर्यतीआधी सराव करून बघायचा. दोन, पाय दुखला तर लगेच काढायचे. तीन..." तिसरी अट त्यांना सुचली नाही.

टिटवीने बूट घातले. जाड मोज्यांसह नेमके बसले. दारापासून फाटकापर्यंत ती एकदा पळून आली आणि त्या काही पावलांत मामांना दिसलं, की विक्रेत्याने सांगितलेली ढब असते तरी कशी.

शर्यतीच्या दिवशी मामा रोजच्या मळक्या बुटांत धावले. अर्ध्यापर्यंत धावले, पुढे चालले, मग धावल्यासारखं चालले. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी थांबून ते स्वयंसेवकांशी बोलले. शेवटी पाय शिशाचे झाले, पण घोटा सरळ राहिला. पाच तास कधीच उलटले होते. शेवटच्या वळणावर आयोजकांनी कमानी उतरवायला घेतल्या होत्या. एकाने शिडीवरूनच टाळ्या वाजवल्या.

टिटवी शेवटच्या रेषेवरच्या कमानीखाली अनवाणी उभी होती. तिची वेळ आजवरची सर्वांत चांगली, महिलांत तिसरा क्रमांक. नारंगी बूट हातात.

"पोटऱ्या मेल्यात माझ्या," ती म्हणाली. "पण मामा, काय पळाले मी!"

मामांनी तिला मिठी मारली. खरं तर तिच्यावर कोसळले. "बूट ठेव," ते म्हणाले. "माझ्याकडे राहिले तर पुन्हा घालीन."

सोमवारी न्यायालयाचा जिना मामा उलटे उतरत होते, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, कारण सुलटं उतरणं पायांनी नामंजूर केलं होतं. समोरच्या पक्षाचे वकील खालून पाहत राहिले.

"काय हो, माघार?"

"मॅरेथॉन," मामा म्हणाले. "आमच्या बुटांचा तिसरा नंबर आला."

"आणि तुमचा?"

मामांनी पुढची पायरी टाचेने चाचपली आणि सावकाश म्हणाले, "ते प्रकरण आजच्या यादीत नाही."